परफ्यूमच्या बारा बाटल्या, एक परत आलेला खोका आणि दिल्लीचं लग्न

मी पुण्यात छोट्या विक्रेत्यांचं पॅकिंग आणि डिस्पॅच बघतो, म्हणजे लोणची, साबण, मेणबत्त्या, काचेच्या बरण्या, जे लोकं घरून विकतात ते नीट बांधून योग्य कुरिअरला लावून द्यायचं एवढंच माझं काम. मागच्या मे महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंचं परफ्यूमचं पार्सल माझ्याकडे आलं, तेही बिघडून परत आल्यावर. परफ्यूमबद्दल मला सारखं विचारतात म्हणून हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतोय.

काकूंच्या भाचीचं लग्न दिल्लीत, २५ मेला. मुलाकडच्या बायकांना द्यायला काकूंनी इथल्याच एका ओळखीच्या माणसाकडून ५० मिलीच्या बारा परफ्यूम बाटल्या बनवून घेतल्या होत्या, चौकोनी काच, जाड बूड, वर सोनेरी टोपण, प्रत्येक बाटली आपापल्या छोट्या पुठ्ठ्याच्या डब्यात. ५ मेला त्यांनी स्वतःच घरी पॅक केलं आणि जवळच्या कुरिअरच्या दुकानात नेऊन दिलं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं आत काय, काकू म्हणाल्या गिफ्ट आहे लग्नाचं, त्याने "गिफ्ट आयटम" लिहिलं, लवकर पोचावं म्हणून एअरने बुक केलं आणि पावती दिली. यात कुणी मुद्दाम खोटं बोललं नाही, पण पुढचं सगळं त्या दोन शब्दांमुळे झालं.

७ तारखेला ट्रॅकिंगवर पार्सल होल्डवर गेलं. फोन केला तर कळलं की विमानात चढवायच्या आधीच्या एक्स-रेमध्ये बाटल्या दिसल्या, लिक्विड आहे, डिक्लेअर केलेलं नाही, त्यामुळे विमानाने जाणार नाही आणि बुकिंग एअरचं असल्याने ते रस्त्याने पुढेही पाठवणार नाहीत, परतच येणार. १४ तारखेला खोका परत आला तेव्हा लिफ्टमध्येच वास येत होता. काकू खोका घेऊन थेट माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अरे बघ ना काय झालंय, अकरा दिवस राहिलेत लग्नाला, आता नवीन करून घ्यायला पण वेळ नाही."

खोका उघडायच्या आधी मी बाहेरून नीट बघतो, कारण बाहेरची बाजू बरंच सांगते. कुरिअरचं लेबल एका कोपऱ्यातून काळं पडलं होतं. हे लेबल थर्मल कागदावर छापतात, बिलाच्या पावतीसारखं, आणि त्या कागदाला अल्कोहोल लागलं की तो काळा होतो. बारकोडचा अर्धा भाग त्या काळ्यात गेला होता. म्हणजे हे पार्सल दिल्लीच्या वाटेवर असतं आणि असंच गळलं असतं तर मधल्या एखाद्या हबमध्ये स्कॅनच झालं नसतं, बेवारस पार्सलांच्या ढिगात पडून राहिलं असतं. तेव्हापासून मी परफ्यूमच्या खोक्यात वरच्या पॅकिंगखाली पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला एक साधा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवतोच, बाहेरचं लेबल गेलं तरी आतलं राहतं.

आत दोन बाटल्या फुटलेल्या आणि एक गळलेली. तिन्हींची कारणं वेगवेगळी होती.

फुटलेल्या दोन बाटल्या एकमेकींच्या शेजारी होत्या. काकूंनी प्रत्येक डब्याला बबल रॅपचा एकच फेरा दिला होता, सगळे डबे उभे रचले होते आणि वरची जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरली होती. वर्तमानपत्र हाताला भरगच्च लागतं पण ट्रकच्या हादऱ्यांनी ते दबत जातं, दोन दिवसांनी तेवढीच जागा मोकळी होते आणि मग बाटल्या आत चालायला लागतात. एक बाटली दुसरीवर आपटली की दोन्ही काचा कडक असल्यामुळे मार शोषायला मध्ये फारसं काही उरत नाही. दोन्ही बाटल्या एकाच ठिकाणी तडकल्या होत्या, बुडाच्या थोडं वर, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते तिथे. अशा जड बुडाच्या बाटल्या हातात घेतल्या की भारी वाटतात पण पार्सलमध्ये तेच वजन त्यांच्या विरोधात जातं.

तिसरी बाटली अख्खी होती पण जवळजवळ एक तृतीयांश रिकामी. तिचं टोपण निघून डब्यातच पडलं होतं आणि स्प्रेच्या बटणावर डब्याचं झाकण दाबून बसलं होतं. स्प्रेचा पंप आतून कसा चालतो ते इथे माहीत असायला हवं. बटण वर असतं तेव्हा पंपाची दांडी रबराच्या वॉशरवर घट्ट बसलेली असते आणि बाटली बंद असते. बटण दाबलं की परफ्यूम बाहेर येतो आणि त्याच वेळी बाटलीत हवा जायला एक बारीक वाट उघडते, नाहीतर आत पोकळी तयार होऊन पुढचा फवारा यायचाच नाही. आता बटण दाबलेल्या अवस्थेतच अडकून राहिलं आणि बाटली आडवी किंवा उलटी पडली तर त्याच हवेच्या वाटेने परफ्यूम थेंबाथेंबाने बाहेर येत राहतो. म्हणजे टोपण हे नुसतं शोभेचं नाही, बटणाचं कुलूप आहे ते, आणि जे टोपण नुसतं अडकवलेलं असतं किंवा चुंबकाने बसतं ते प्रवासात निघणार असंच धरून चालायचं.

काकूंचा पहिला प्रश्न मात्र पॅकिंगचा नव्हताच. "मी विमानाने दिल्लीला जाते तेव्हा बॅगेत परफ्यूम असतोच की, तेव्हा कुणी अडवत नाही, मग हे का अडवलं?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि नव्वद टक्के लोकांचा हाच असतो.

परफ्यूमचा बहुतेक भाग अल्कोहोल असतो, इथेनॉल, आणि त्यात थोडं सुगंधी तेल. काकूंच्या माणसाकडून मी एसडीएस मागवून घेतली, म्हणजे मालाचं सुरक्षा माहितीपत्रक, जुने लोकं एमएसडीएस म्हणतात. त्यातला ९ नंबरचा भाग बघायचा, तिथे फ्लॅश पॉइंट दिलेला असतो. या परफ्यूमचा होता १७ अंश सेल्सिअस. याचा अर्थ १७ अंशांना त्या द्रवाच्या वर इतकी वाफ जमा होते की ठिणगी मिळाली तर ती पेट घेते. पुण्यात मे महिन्यात घरात सावलीतही ३५ अंश असतात, म्हणजे बाटली फुटली तर पेटायला पुरेशी वाफ कायम तयार, फक्त ठिणगीची कमतरता. त्यात इथेनॉलची वाफ हवेपेक्षा जड, ती उडून न जाता खाली साठते. मोकळ्या गोदामात पंखा चालू असतो, माणसं असतात, वास येतो, दार उघडता येतं. विमानाच्या पोटातल्या बंद कप्प्यात यातलं काहीच नसतं.

६० अंश किंवा त्याहून कमी फ्लॅश पॉइंट असलेले द्रव वाहतुकीच्या भाषेत क्लास ३ म्हणजे ज्वलनशील द्रव धरतात. अशा सॉल्व्हंटमधल्या परफ्यूमला जगभर एकच नंबर आहे, यूएन १२६६. एसडीएसच्या १४ नंबरच्या भागात हा नंबर आणि क्लास छापलेला असतो. कुरिअरवाला एसडीएस मागतो तेव्हा त्याला हीच दोन पानं बघायची असतात, ९ आणि १४ असलेली, बाकी पंधरा पानांचा गठ्ठा त्याला नको असतो.

आता बॅगेचा मुद्दा. प्रवाशाला स्वतःच्या वापराच्या वस्तूंसाठी वेगळी सवलत आहे, परफ्यूम, हेअर स्प्रे वगैरे सगळं मिळून माणशी २ लिटर किंवा २ किलोपर्यंत आणि एक बाटली जास्तीत जास्त ५०० मिलीची. आंतरराष्ट्रीय विमानात केबिनमध्ये न्यायचं तर त्यावर सहसा बाटलीमागे १०० मिलीची अटही येते. पण ही सवलत माणसाबरोबर जाणाऱ्या सामानाला आहे, एकट्या जाणाऱ्या पार्सलला नाही. काकूंच्या बारा बाटल्या म्हणजे ६०० मिली, दिल्लीला विमानाने जाणारं घरातलं कुणी असतं तर चेक-इन बॅगेत त्या आरामात बसल्या असत्या. मी तेही विचारलं, पण काकू आणि बाकीचे सगळे २३ तारखेच्या ट्रेनने जाणार होते. ट्रेनने स्वतःबरोबर न्यायचा विचार त्यांनी केला पण सामान आधीच खूप होतं आणि २४ला सकाळीच गिफ्ट द्यायची होती, त्यामुळे आधी पोचणं हवंच होतं.

मग नियमाने परफ्यूम विमानाच्या पार्सलमधून जाऊच शकत नाही का, तर जातो. परफ्यूमला विमानात बंदी नाही, न सांगता पाठवायला बंदी आहे. थोड्या मालासाठी लिमिटेड क्वांटिटी नावाची सोय आहे, त्यात या प्रकारच्या परफ्यूमच्या एका खोक्यात १ लिटरपर्यंत माल चालतो आणि आतली एकेक बाटली ५०० मिलीपर्यंत. काकूंचे ६०० मिली त्या मापात बसत होते. पण त्याबरोबर अटी येतात. खोक्याचा नमुना १.२ मीटरवरून पाडून तपासलेला हवा, आतल्या बाटलीला विमानातल्या कमी हवेच्या दाबाचा फरक सोसता आला पाहिजे, बाहेर ठरलेली खूण हवी, आणि मुख्य म्हणजे डेंजरस गुड्सचं ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने भरलेलं डिक्लेरेशन हवं. वर ती एअरलाइन आणि ते कुरिअर असा माल घेत असेल तरच. मोठ्या परफ्यूम कंपन्या हे रोज करतात, त्यांच्याकडे त्यासाठी माणूस असतो. बारा बाटल्यांसाठी घरून हे जमत नाही, आणि गल्लीतल्या काउंटरवर तर तो माल घ्यायची परवानगीच नसते. म्हणून माप बसलं तरी कागद बसत नाहीत, आणि विमानाचा रस्ता आपल्यासाठी बंद.

पोस्टाचं काकूंच्या यजमानांनी सुचवलं, स्पीड पोस्ट करू म्हणाले. पोस्टात ज्वलनशील पदार्थ चालत नाहीत, तिथेही हेच झालं असतं आणि आणखी आठ दिवस गेले असते. परदेशातून इकडे पाठवणाऱ्यांनाही हे सांगतो, अमेरिकेच्या पोस्टातून अल्कोहोलचा परफ्यूम देशाबाहेर अजिबात पाठवता येत नाही, देशातल्या देशात फक्त जमिनीवरून जातो.

राहिलं सरफेस, म्हणजे रस्त्याने जाणारं पार्सल. पुणे ते दिल्ली चौदाशे किलोमीटरच्या वर, चार ते सहा दिवस धरायचे. १४ तारीख उजाडलेली होती, म्हणजे १६ला निघालं तर हातात दिवस शिल्लक राहत होते. मी काकूंना म्हटलं, "काकू, दोन दिवस मला द्या, घाईत पुन्हा तसंच बांधलं तर तेही जाईल."

पहिलं काम उरलेल्या नऊ बाटल्या खरंच धड आहेत का ते बघणं. बरेच लोकं बाटली रात्रभर टिश्यूवर उलटी ठेवतात आणि सकाळी डाग आहे का बघतात. पाण्याच्या किंवा तेलाच्या बाटलीला ते ठीक आहे, पण अल्कोहोल हळूहळू झिरपत असेल तर ते टिश्यूवर पोचून उडून जातं, डाग राहतच नाही आणि आपण बाटली पास करतो. मी वजन करतो. दागिन्यांसाठी मिळतो तसला छोटा काटा, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. प्रत्येक बाटली पुसून, टोपण काढून वजन केलं, चिकटपट्टीवर नंबर आणि वजन लिहून बुडाला लावलं, मग २४ तास सगळ्या आडव्या ठेवल्या, परत वजन केलं. आठ बाटल्यांचा आकडा तोच आला. ७ नंबरची बाटली ०.८ ग्रॅमने हलकी झाली होती. बाहेरून कोरडी, वास जेमतेम, पण काटा खोटं बोलत नाही. तिची कॉलर, म्हणजे पंपाला बाटलीच्या गळ्यावर दाबून बसवणारी धातूची कडी, बोटाने धरून फिरवली तर किंचित फिरत होती. ती मुळातच नीट दाबलेली नव्हती. दिवसाला ०.८ ग्रॅम म्हणजे पाच दिवसांत ४ ग्रॅम, ट्रकमधल्या उन्हात त्याहून जास्तच. ती बाजूला काढली.

म्हणजे आता तीन नाही, चार बाटल्या नव्याने हव्या होत्या. परफ्यूमवाल्याने त्याच दिवशी भरून दिल्या पण हाताने भरताना गळ्यापर्यंत काठोकाठ भरल्या होत्या, त्याला वाटलं लग्नाचं गिफ्ट आहे, भरपूर देऊ. हे प्रेमाने केलेलं काम प्रवासात अडचणीचं ठरतं. अल्कोहोल तापलं की पाण्यापेक्षा बरंच जास्त फुगतं, ५० मिलीला दर अंशामागे साधारण ०.०५५ मिली. ३० अंशांना भरलेली बाटली मे महिन्यात बंद ट्रकमध्ये ५५ अंशांपर्यंत गेली तर जवळजवळ १.४ मिली जास्त जागा मागते. काच काही तेवढी फुगत नाही. वर हवेची जागा असेल तर हवा दबून सामावून घेते, जागाच नसेल तर तो द्रव पंपाच्या वॉशरमधून किंवा कॉलरखालून वाट काढतो. आम्ही पंप बसवायच्या आधी त्या चारही बाटल्यांतून थोडा थोडा काढून घेतला, द्रवाची पातळी बाटलीच्या खांद्याशी आणली. मग कॉलर दाबल्या आणि त्याही २४ तास आडव्या ठेवून वजन केलं. चारही पास.

आता बांधणी. मी ती आतून बाहेर अशी विचार करून करतो, प्रत्येक पदराचं काम वेगळं धरून. सगळ्यात आत बटण दाबलं जाऊ नये याची सोय. नोझलभोवती पुठ्ठ्याची एक छोटी कडी बसवली, बटणाच्या उंचीपेक्षा किंचित उंच, म्हणजे वरून भार आला तरी तो कडीवर येईल, बटणावर नाही. वर टोपण आणि टोपणापासून काचेपर्यंत पारदर्शक चिकटपट्टीचे दोन पट्टे, गोल गुंडाळून नाही तर उभे, वरून खाली, कारण टोपण वरच्या दिशेने निघतं. गिफ्ट असल्यामुळे साधी टेप चिकट डाग ठेवेल म्हणून रंगकामात वापरतात ती कागदी मास्किंग टेप वापरली असती तरी चाललं असतं, पण ती अल्कोहोल लागलं की लवकर सुटते.

मग गळतीची सोय. फुटलीच तर द्रव त्या एका बाटलीपुरता राहायला हवा, शेजारच्या अकरा भिजायला नकोत. प्रत्येक बाटली किचन टॉवेलच्या चार तुकड्यांत गुंडाळली. चार का, तर आधी एका कपात ५० मिली पाणी घेऊन तुकडे घालत बघितलं, चौथ्या तुकड्याला कप कोरडा झाला. बाटलीत जितकं आहे तितकं सगळं पिऊन घेईल एवढं शोषणारं कापड किंवा कागद आत हवंच, थोडासा टिश्यू घालून समाधान करून घ्यायचं नाही. मग झिपलॉक पिशवी, हवा दाबून काढलेली, आणि ती दुसऱ्या झिपलॉकमध्ये तोंड उलट्या दिशेला करून. काकूंना छोटे सोनेरी डबे पिशवीच्या आत हवे होते, मी म्हटलं नाही, बाटली पिशवीत आणि डबा वेगळा सपाट घडी करून पाठवू, तिकडे कुणीतरी भरेल. डबा पिशवीच्या आत असता तर एक गळती आणि डबा गेला.

पिशवीवर बबल रॅपचे तीन फेरे, बुडाखाली आणि डोक्यावर दुमडून घेतलेले, कारण नुसते बाजूने गुंडाळले तर बूड उघडं राहतं आणि काकूंच्या दोन बाटल्या बुडाजवळच गेल्या होत्या. अशा सहा-सहा बाटल्या एका तीन पदरी खोक्यात, मध्ये पुठ्ठ्याचे आडवे-उभे कप्पे, एकाही बाटलीला दुसरी शिवणार नाही असे. असे दोन खोके पाच पदरी मोठ्या खोक्यात, सगळ्या बाजूंनी ५ सेंटीमीटर जागा सोडून, आणि ती जागा पुठ्ठ्याच्या घड्या आणि बबल रॅपच्या गुंडाळ्यांनी भरलेली, वर्तमानपत्र नाही. खोका हातात घेऊन कानाजवळ हलवला, आत काहीच सरकलं नाही पाहिजे. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, इंग्रजी एच अक्षरासारखी.

बाण छापलेले स्टिकर मी लावतो पण त्यांच्या भरवशावर काहीच सोडत नाही. हबमध्ये पट्ट्यावर खोका जसा पडतो तसा जातो, त्यामुळे उलटा पडला तरी चालेल अशीच बांधणी धरायची.

मग चाचणी. काकूंना हे बघून धस्स झालं होतं, पण खरा माल आपटायचा नव्हता. परफ्यूमवाल्याकडून तसल्याच सहा रिकाम्या बाटल्या आणल्या, रंगीत पाणी भरलं, तंतोतंत तशाच बांधल्या, दुसऱ्या सहांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या छोट्या तेलाच्या बाटल्या, आणि खोका १.२ मीटरवरून म्हणजे माझ्या छातीच्या जरा खालून पार्किंगमधल्या लादीवर सोडला. एकदा बुडावर, एकदा वरच्या बाजूवर, एकदा लांब बाजूवर, एकदा आखूड बाजूवर आणि शेवटी कोपऱ्यावर. कोपरा सगळ्यात वाईट, सगळं वजन एका बिंदूवर येतं. उघडलं तर मोठ्या खोक्याचा कोपरा बसला होता, आतले दोन्ही खोके धड, बाटल्या धड, पण एका बाटलीचं टोपण टेपसकट अर्धं वर आलं होतं. म्हणून टेपचे दोन पट्टे होते तिथे चार केले. हे दिल्लीत कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलं ते बरं झालं.

काकूंना एका गोष्टीचं वाईट वाटलं, ते म्हणजे बिलाचं. कुरिअर खऱ्या वजनाचं नाही तर खऱ्या वजनातलं आणि आकाराच्या वजनातलं जे जास्त असेल त्याचं पैसे घेतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, सहसा भागिले ५०००. त्यांचा पहिला खोका ३० बाय २० बाय १५ होता, आकाराचं वजन १.८ किलो, खरं २.६, म्हणून ३ किलोचं बिल. माझा खोका ४२ बाय ३४ बाय २४, आकाराचं वजन ६.८ च्या पुढे, म्हणजे ७ किलो. सरफेसचा किलोमागचा दर एअरपेक्षा बराच कमी असल्यामुळे फरक सोसण्यासारखा होता, पण हे आधी सांगायलाच हवं, कारण जिथे लोकं पैसे वाचवायला खोका लहान करतात तिथे त्या ५ सेंटीमीटरवरच पहिला घाव येतो.

बुकिंगला मी स्वतः गेलो, आधी फोन करून विचारलं की अल्कोहोलचा परफ्यूम सरफेसने घेता का. सगळ्याच कंपन्या घेत नाहीत, पहिल्या दोन ठिकाणी सरळ नाही म्हणाले, तिसऱ्यांनी एसडीएस आणि बिल असेल तर घेतो म्हटलं. बिलावर "परफ्यूम, अल्कोहोल बेस, ५० मिली, १२ नग" असंच लिहिलं. पावती हातात आल्यावर मी एकच गोष्ट शोधतो, मोड कुठला लिहिलाय, एअर का सरफेस. नुसतं एक्सप्रेस लिहिलं असेल तर थांबून विचारायचं, कारण काही एक्सप्रेस सेवा रस्त्यानेही जातात आणि जागा मिळाली तर विमानानेही. आणि ज्यांचा पत्ता अंदमानसारख्या ठिकाणी आहे त्यांनी शेवटचा टप्पा विमानाचा तर नाही ना हे आधी विचारावं. खोक्याच्या दोन बाजूंना मोठ्या अक्षरात "सरफेस ओन्ली, नॉट बाय एअर" लिहिलं, इंग्रजीतूनच, कारण हबमध्ये तेच वाचतात. नुकसानभरपाईचंही विचारलं, काच आणि द्रव दोन्ही त्यांच्या हमीत येत नाहीत असं स्पष्ट सांगितलं, निदान फसवणूक नाही.

मधे काकूंनी अत्तराचं विचारलं, की अत्तर दिलं असतं तर हे सगळं टळलं असतं का. बरंचसं टळलं असतं. चंदनाच्या तेलात काढलेलं किंवा हल्ली डीपीजीसारख्या द्रवात बनवलेलं अत्तर अल्कोहोलशिवाय असतं, फ्लॅश पॉइंट सहसा ६० च्या बराच वर जातो, मग ते क्लास ३ मध्ये येत नाही. पण एक्स-रेवर तेही द्रवच दिसतं, त्यामुळे एसडीएस लागतेच, आणि अत्तरवाला म्हणतो अल्कोहोल नाही यावर न थांबता ९ नंबरचा भाग बघायचा, कारण स्प्रेमध्ये मिळणाऱ्या अत्तरात बऱ्याचदा अल्कोहोल घातलेलं असतं.

खोका १६ ला निघाला आणि २१ ला संध्याकाळी दिल्लीत पोचला. काकूंच्या भावाने व्हिडिओ कॉलवर उघडला, मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की कापायच्या आधी चारही बाजूंचे फोटो काढा. बाहेरचा एक कोपरा दबलेला, पार्किंगमध्ये दबला होता जवळपास तसाच. आतले दोन्ही खोके सरळ. त्यांनी बाराही पिशव्या एकेक करून हातात घेऊन दाखवल्या, टॉवेल कोरडे, वास नाही, एका पिशवीचं झिपलॉक थोडं उघडलं होतं पण आतली दुसरी बंद होती. डब्यांच्या घड्या उघडून बाटल्या त्यात भरायला त्यांच्या मुलींना अर्धा तास लागला. ७ नंबरची बाटली माझ्याकडेच राहिली होती, ती परफ्यूमवाल्याला दाखवली, त्याने कॉलर दाबायचं हातयंत्र तपासलं तर त्याचा एक स्क्रू सैल झाला होता, आणि त्या आठवड्यात भरलेल्या बाकीच्या सगळ्या बाटल्या त्याने काट्यावर घातल्या.